दहावीची आठवणवही आणि नववीला सल्ला

दहावीच्या निरोप समारंभाआधी वर्गाची आठवणवही करताना प्रत्येक विद्यार्थ्याला एक पान मिळते. वही मोकळी फिरवली, तर लाडक्या मुलांची पाने भरतात आणि अबोल मुलांची कोरी राहतात. म्हणून सुटी पाने हजेरी क्रमांकानुसार फिरवावीत. प्रत्येकाने पुढच्या पाच जणांच्या पानांवर एकेक घडलेला प्रसंग लिहावा. म्हणजे प्रत्येक पानावर पाच नोंदी येतात.

नववीसाठी सल्ला मागताना ‘काय सांगाल?’ असे विचारले, की ‘खूप अभ्यास करा’ एवढेच उत्तर येते. त्याऐवजी ‘कोणते काम लवकर सुरू करायला हवे होते?’ असे विचारावे. मग ‘विज्ञानाची प्रयोगवही दर आठवड्याला पूर्ण करा, शेवटी आकृत्या काढायला वेळ उरत नाही’ असा उपयोगी सल्ला मिळतो. शिक्षकांनी चिठ्ठ्या वाचून विषयवार लावाव्यात आणि जूनमध्ये नव्या दहावीच्या वर्गात लावाव्यात.