होस्टिंग बदलताय? आधी ईमेलचे रेकॉर्ड सांभाळा

होस्टिंग बदलायच्या व्हिडिओत ईमेलचा भाग मी घाईत उरकला होता. तो इथे नीट बघू.

आपल्या बॅचमधल्या एका ताईंचा चाकणजवळ पॅकिंगचे लाकडी खोके बनवायचा व्यवसाय आहे. ऑफिसात पाच जण, ईमेल गूगल वर्कस्पेसवर. नवीन होस्टिंग स्वस्त मिळालं म्हणून त्यांनी शुक्रवारी संध्याकाळी नेमसर्व्हर बदलले. वेबसाइट छान उघडली. अकाउंट्सच्या मुलाला मेल टाकून बघितला, तोही पोचला. ताई निश्चिंत! सोमवारी दुपारी ग्राहकाचा फोन आला, "मॅडम, शनिवारी पीओ मेल केली होती, परत आली."

झालं काय? नेमसर्व्हर म्हणजे तुमच्या डोमेनची पत्त्यांची वही कोणाकडे आहे, ते सांगणारी नोंद. वेबसाइट कुठे आहे ते त्या वहीतला ए रेकॉर्ड सांगतो, आणि मेल कुठे द्यायचा ते एमएक्स रेकॉर्ड. नेमसर्व्हर बदलले की जुनी वही बंद होऊन नवीन वही लागू होते, आणि जुन्या नोंदी तिच्यात आपोआप उतरत नाहीत. ताईंच्या नवीन होस्टिंगने वही तयार करताना एमएक्समध्ये स्वतःचाच सर्व्हर लिहून ठेवला होता. मेल तिकडे गेले, तिथे असा मेलबॉक्सच नाही, म्हणून ते लगेच परत फिरले. अशा वेळी पाठवणाऱ्याचा सर्व्हर पुन्हा प्रयत्न करत नाही. त्याने स्वतः परत पाठवला तरच तो मेल तुम्हाला मिळतो.

मग ताईंची चाचणी पास कशी झाली? कारण एकाच वर्कस्पेसमधले मेल गूगलच्या आतल्या आत पोचतात, त्यांना एमएक्स लागत नाही. बाहेर पाठवलेले मेलही जातात. म्हणजे मेल जातायत पण बाहेरून येत नाहीत, असं झालं की आधी एमएक्सवर संशय घ्या.

आता हे टाळायचं कसं? पहिला प्रश्न: नेमसर्व्हर बदलायची खरंच गरज आहे का? तुमची वही डोमेन जिथून घेतलं त्या कंपनीकडे असेल, तर फक्त ए रेकॉर्डमध्ये नवीन सर्व्हरचा आयपी टाका. एमएक्सला हातच लावू नका. (नवीन होस्टिंगवाले सवयीने "नेमसर्व्हर बदला" सांगतात, कारण त्यांना ते सोपं पडतं.) पण वही जुन्या होस्टिंगकडे असेल, तर प्लॅन बंद केल्यावर तीही जाऊ शकते. मग बदलणं भाग आहे.

तेव्हा आधी जुन्या डीएनएस पानाचे स्क्रीनशॉट काढा. मग नवीन होस्टिंगच्या झोन एडिटरमध्ये ईमेलच्या नोंदी हाताने भरा आणि तिथला आयता एमएक्स काढून टाका. वर्कस्पेससाठी त्या साधारण अशा दिसतात:

```
MX   @                  1  smtp.google.com
TXT  @                  v=spf1 include:_spf.google.com ~all
TXT  google._domainkey  (जुन्या पानावरची लांबलचक की)
```

जुन्या खात्यात एमएक्सच्या पाच ओळी असतील, `aspmx.l.google.com` वगैरे. त्याही चालतात, आहेत तशा उतरवा. टीएक्सटीच्या दोन्ही ओळी विसरलात तर मेल येतील, पण तुमचं कोटेशन ग्राहकाच्या स्पॅममध्ये जाऊ शकतं.

नेमसर्व्हर बदलायच्या आधीच नवीन वही तपासता येते. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये तुमचं डोमेन आणि नवीन नेमसर्व्हर टाकून विचारा:

```
nslookup -type=mx example.com ns1.example.net
```

उत्तरात गूगलचं नाव आलं तरच पुढे जा.

नेमसर्व्हर बदलल्यावर काही लोकांना जुनी वही दिसेल, काहींना नवीन. `.com` साठी ही जुनी नोंद 48 तासांपर्यंत साठवलेली राहू शकते. दोन्ही वह्यांत ईमेलच्या नोंदी सारख्या असतील तर काहीच बिघडत नाही. म्हणून जुनं होस्टिंग निदान आठवडाभर चालू ठेवा.

मेलबॉक्सच जुन्या होस्टिंगवर असतील तर गोष्ट वेगळी. तिथे आधी नवीन सर्व्हरवर त्याच नावांचे मेलबॉक्स बनवा आणि जुने मेल आयमॅपने कॉपी करा. दोन दिवसांनी परत एकदा कॉपी करा, कारण मधल्या काळात काही मेल जुन्याच सर्व्हरवर उतरलेले असतात.

ताईंनी एमएक्स दुरुस्त केला, बाहेरचे मेल सुरू झाले. तरी वेबसाइटच्या फॉर्मवरची चौकशी येईना! नवीन सर्व्हरला वाटत होतं की या डोमेनचे मेल आपल्याकडेच राहतात, म्हणून तो ते बाहेर पाठवतच नव्हता. सीपॅनेलमध्ये `Email Routing` उघडून `Remote Mail Exchanger` निवडलं, आणि फॉर्मही सुरू झाला.

म्हणून शेवटची चाचणी ऑफिसातल्या आयडीवरून नको. घरच्या साध्या जीमेलवरून कंपनीला मेल टाका, त्याला उत्तर द्या, आणि वेबसाइटचा फॉर्म भरून बघा. घरच्या जीमेलवर आलेलं उत्तर उघडून `Show original` दाबा. तिथे एसपीएफ आणि डीकेआयएमसमोर `PASS` दिसायला हवं.