अठ्ठेचाळीस तासांचे शून्य

सहा दिवस, रोज बरोबर आठ तास. आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास भरले. हजेरीपत्रक एक्सेलमध्ये असेल आणि बेरजेच्या घराकडे कोणी लक्ष दिलेले नसेल, तर त्या घरात दिसेल 0:00. एखाद्याने नऊ तासांचे तीन दिवस केले असतील, तर सत्तावीसऐवजी 3:00 दिसेल. सूत्र तपासले, तर त्यात काहीच चुकलेले नसते. बेरीज बरोबरच झालेली असते, फक्त ती दाखवताना पूर्ण दिवस गाळले जातात.

याचे कारण एक्सेल वेळ कशी साठवते यात आहे. तिच्या लेखी पूर्ण दिवस म्हणजे १. दुपारचे बारा म्हणजे ०.५, सहा तास म्हणजे ०.२५. तारीखही याच मोजणीत येते, पूर्णांक दिवसांचा आणि अपूर्णांक वेळेचा. त्यामुळे ४८ तास हा आतून निव्वळ २ हा आकडा असतो. h:mm ही नेहमीची मांडणी या आकड्याकडे भिंतीवरच्या घड्याळासारखी पाहते. किती दिवस उलटले हे घड्याळ सांगत नाही, आता किती वाजले एवढेच सांगते. दोन पूर्ण दिवसांनंतर वाजलेले असतात शून्य.

एका फॅब्रिकेशनच्या कारखान्यातला कल्पित आठवडा घेऊ. A स्तंभात वार, B मध्ये आल्याची वेळ, C मध्ये गेल्याची, D मध्ये जेवणाची सुट्टी आणि E मध्ये निव्वळ काम. सोमवार आणि मंगळवार साडेआठ तास, बुधवार ८:४५, गुरुवार ८:१५, शुक्रवार पुन्हा ८:४५. शनिवारी रात्रपाळी: रात्री दहाला आत, सकाळी साडेसहाला बाहेर, मध्ये अर्धा तास सुट्टी, म्हणजे आठ तास. कागदावर बेरीज येते ५० तास ४५ मिनिटे. E8 मध्ये ती अशी मागायची:

```
=SUM(E2:E7)
```

घरात दिसते 2:45. इथे एक योगायोग आहे आणि तोच घातक आहे. आठवड्याला ४८ तास ही मर्यादा १९४८च्या कारखाने कायद्याने घातली, आणि ४८ म्हणजे नेमके दोन दिवस. त्यामुळे घड्याळाच्या मांडणीत उरणारे 2:45 हेच या कामगाराचे ओव्हरटाइमचे तासही आहेत. पाहणाऱ्याला वाटते, पत्रक जादा वेळ आपोआप काढून देते आहे. पुढच्या आठवड्यात तोच माणूस ४७ तास ३० मिनिटे काम करतो, ओव्हरटाइम काहीच नसतो आणि घरात येते 23:30. गेल्या वेळी हा आकडा ओव्हरटाइम म्हणून धरला असेल, तर आता सगळा हिशेब कोसळतो.

उपाय छोटा आहे. बेरजेचे घर निवडून Ctrl+1 दाबायचे. उघडलेल्या चौकटीत Number या पानावर डावीकडच्या यादीतून Custom निवडायचे आणि Type च्या जागी असलेले खोडून हे लिहायचे:

```
[h]:mm
```

आता घरात 50:45 दिसते. चौकोनी कंसाचा अर्थ इतकाच, की तासांचे दिवस करू नकोस, मोजत राहा. महिन्याची बेरीज २०० तासांवर गेली तरी ती तशीच दिसते. [mm] लिहिले तर सगळा काळ मिनिटांत येतो, आपल्या उदाहरणात 3045. गूगल शीट्समध्ये हेच काम Format, मग Number आणि त्यात Duration निवडून होते. तिथे सेकंदही दिसतात, एवढाच फरक.

मांडणी बदलल्यावरही घरावर क्लिक केले की वरच्या सूत्रपट्टीत सूत्रच दिसते. पण हाच आकडा मूल्य म्हणून दुसरीकडे चिकटवला, तर सूत्रपट्टीत १९०० सालच्या जानेवारीतली तारीख आणि पहाटेची पावणेतीनची वेळ दिसू शकते. घाबरून ती खोडू नये. एक्सेलची दिवसमोजणी १ जानेवारी १९०० पासून सुरू होते, म्हणून दोन दिवस आणि पावणेतीन तास हे तिच्या लेखी २ जानेवारीची पहाट असते.

शनिवारची रात्रपाळी वेगळी हाताळावी लागते. साडेसहातून बावीस वजा केले की उत्तर ऋण येते. ऋण वेळ एक्सेलला दाखवता येत नाही, त्यामुळे घर ######## अशा खुणांनी भरते आणि स्तंभ कितीही रुंद केला तरी त्या जात नाहीत. E स्तंभात सगळ्याच दिवसांसाठी हे सूत्र ठेवावे:

```
=MOD(C2-B2,1)-D2
```

मध्यरात्र ओलांडली असेल, तर MOD एक पूर्ण दिवस मिळवून देते. मात्र ते एक चूक झाकतेही. सकाळी नऊला आलेल्याची संध्याकाळची सहाची वेळ कोणी 18:00 ऐवजी 6:00 अशी टाकली, तर पूर्वी खुणा येऊन चूक लगेच दिसली असती. आता मुकाट्याने २१ तास धरले जातात. म्हणून E स्तंभावर एकदा नजर फिरवावी. बारा तासांच्या वरचा आकडा दिसला, की गेटवरच्या वहीशी ताडून पाहावा.

आता पगार. ताशी ९० रुपये दर धरू. E8 ला सरळ ९० ने गुणले, तर उत्तर १९० रुपयांच्या आसपास येते, कारण गुणाकार ५०.७५ चा होत नाही, दोन दिवस आणि थोड्या अंशाचा होतो. आधी २४ ने गुणून तास करून घ्यायचे. ओव्हरटाइमसाठी E9 मध्ये बेरजेतून दोन दिवस वजा करायचे आणि त्या घरालाही [h]:mm द्यायचे:

```
=MAX(0,E8-2)
```

इथे TIME(48,0,0) वापरावेसे वाटते, पण तेही पूर्ण दिवस गाळते आणि शून्य देते. मग सगळाच आठवडा ओव्हरटाइम ठरतो. कायद्याप्रमाणे जादा वेळेला दुप्पट दर असतो, तेव्हा रक्कम अशी:

```
=(E8-E9)*24*90+E9*24*180
```

४८ तासांचे ४,३२० रुपये आणि पावणेतीन तासांचे ४९५, मिळून ४,८१५. रकमेच्या घराने चुकून वेळेची मांडणी उचलली, तर तिथे विचित्र वेळ दिसते. ते घर General करावे.

एक चूक मात्र कोणतीही मांडणी सुधारू शकत नाही. आपण हाताने वेळ लिहिताना ८.३० असा टिंब देतो आणि वहीतून उतरवताना तोच टिंब कळफलकावर येतो. एक्सेल 8.30 ही वेळ मानत नाही, आठ पूर्णांक तीन दशांश मानते. त्या घराला [h]:mm दिले की 199:12 दिसते, कारण ते ८.३ दिवस झाले. मांडणी दिलीच नाही तर आकडा साधा दिसतो आणि म्हणून जास्त फसवतो: ८.३० आणि ८.४५ यांची बेरीज १६.७५ येते, खरे तास मात्र १७ आणि १५ मिनिटे. अर्ध्या तासाचा पगार इथे बुडतो. दुसरीकडून आणलेल्या पत्रकात वेळा कधी अक्षरे म्हणून साठलेल्या असतात. त्या घराच्या डाव्या कडेला चिकटलेल्या दिसतात आणि SUM त्यांना वगळते, तक्रार न करता. शंका आली की शेजारच्या रिकाम्या घरात हे लिहावे:

```
=ISNUMBER(B4)
```

FALSE आले, तर ती वेळ कोलन देऊन पुन्हा टाइप करावी. तरीही ती अक्षरेच राहिली, तर घराची मांडणी Text आहे का ते पाहावे, ती आधी बदलावी आणि मगच वेळ टाकावी.