रात्री दोनचा ताप

कौटुंबिक न्यायालयाच्या हुकूमनाम्यात मुलाचा ताबा, भेटीचे वार आणि पोटगी लिहिलेली असते. रोजचे निर्णय कुणाबरोबर घ्यायचे, हे त्यात नसतं.

समजा, सहा वर्षांच्या मुलाला रात्री दोन वाजता १०२ ताप आहे. पॅरासिटामॉल दिलंय. तो पाणी पितोय, हाक मारली की ओ देतोय. म्हणजे बहुधा सकाळपर्यंत थांबता येईल. आईला हे कळतं. तरी ती जागीच राहते, कारण ‘थांबूया ना?’ असं विचारायला शेजारी कुणी नाही. चूक झाली तर ती एकटीची. सकाळी पुन्हा प्रश्न: शाळा बुडवायची, की आपली रजा? सहलीला पाठवायचं का? माहेरी विचारावं, तर जुना विषय निघतो. मग ती विचारणंच सोडते. हा थकवा झोपेनं भरून निघत नाही.

तुमची बहीण किंवा मैत्रीण अशी एकटी असेल, तर सल्ले देऊ नका. ‘रात्री कधीही फोन कर, मी उचलेन’ एवढं सांगा, आणि खरंच उचला.