चालता धंदा घेताना गुडविल किती?

चालती बेकरी विकत घेणाऱ्याचा पहिला प्रश्न असतो, "गुडविल किती लावलंय?" हिशेबात मात्र गुडविल सगळ्यात शेवटी येतं. आधी मालमत्ता, मग देणी, मग ठरलेली किंमत, आणि या सगळ्यांतून जो फरक उरतो ते गुडविल. म्हणून आधीच्या आकड्यांतली प्रत्येक चूक गुडविलमध्ये जाऊन लपते.

समजा, बेकरीचा सौदा साडेसात लाखांना ठरला. विकणाऱ्याच्या ताळेबंदात भट्टी आणि यंत्रं सहा लाखांची आहेत, पण दोघांनी पाहून त्यांची किंमत पाच लाख धरली. नवीन मालकाच्या वहीत पाच लाखच लागतात, जुना आकडा तिथे येत नाही. मैदा, तूप, तयार माल मिळून 80 हजार. दुकानदारांकडून येणी दीड लाख, त्यातले 10 हजार बुडतील असं धरून तेवढी तरतूद. मैदावाल्यांचं देणं एक लाख 20 हजार. विकणाऱ्याची रोकड, बँकेतली शिल्लक आणि त्याचं भांडवल त्याच्याकडेच राहतं.

मालमत्ता सात लाख 30 हजार. त्यातून देणी आणि तरतूद वजा केली की निव्वळ मालमत्ता सहा लाख. दिले साडेसात, म्हणजे गुडविल दीड लाख.

रोजकीर्दीत यंत्रं, माल, पूर्ण येणी आणि गुडविल नावे पडतात. धनको, बुडीत येण्यांची तरतूद आणि विक्रेता जमा होतात. दोन्ही बाजूंना आठ लाख 80 हजार. पैसे चुकते केले की विक्रेता नावे, बँक जमा.

हाच सौदा पाच लाख 60 हजारांना झाला तर 40 हजार उलट बाजूला येतात. ही भांडवली राखीव. हा धंद्यातून कमावलेला नफा नव्हे, म्हणून तो नफा-तोटा पत्रकात घ्यायचा नाही.

भांडवली राखीव दिसली की मी तरी आधी देण्यांची यादी पुन्हा तपासायला सांगेन. चांगला चालणारा धंदा कोणी स्वस्तात सहसा देत नाही. जुने कारागीर नोकरीत राहणार असतील आणि त्यांच्या मागच्या वर्षांच्या ग्रॅच्युइटीचे 70 हजार खरेदीदाराच्या अंगावर येणार असतील, तर निव्वळ मालमत्ता पाच लाख 30 हजारांवर येते. मग 40 हजारांची राखीव नाहीशी होऊन 30 हजारांचं गुडविल निघतं. जीएसटीची थकबाकीही अशीच. जीएसटी कायद्याच्या कलम 85 प्रमाणे हस्तांतरापर्यंतचा थकलेला कर विकणाऱ्याइतकाच घेणाऱ्याकडूनही वसूल होऊ शकतो.

देणी लपलेली असतानाच किंमत फुगवली असेल, तर ती रक्कम गुडविल म्हणून वहीत पडून राहते. 1 एप्रिल 2020 पासून सुरू झालेल्या आर्थिक वर्षापासून प्राप्तिकरात गुडविलवर घसाराही मिळत नाही. यंत्रांवर तो मिळतो. त्यामुळे करारातच प्रत्येक वस्तूची किंमत आणि प्रत्येक देणं लिहून, दोघांच्या सह्या घेऊन मगच पहिली नोंद करावी.