टाकीतलं मीठ आणि एक नेमका गुणक

टाकीत 100 लिटर गोडं पाणी आहे. दर मिनिटाला 3 लिटर खारं पाणी आत येतं. त्याच्या प्रत्येक लिटरमध्ये 20 ग्रॅम मीठ. नीट ढवळलेलं 2 लिटर मिश्रण दर मिनिटाला बाहेर जातं. t मिनिटांनी टाकीत किती मीठ असेल?

मिठाचं वजन y मानू. पाणी तोवर 100 + t लिटर झालेलं असतं, म्हणून

y′ + 2y/(100 + t) = 60

डावीकडची दोन पदं एकत्र संकलित करता येत नाहीत. पण समीकरणाला योग्य गुणकाने गुणलं, तर ती एकाच गुणाकाराचं विकलन बनतात. हाच इंटिग्रेटिंग फॅक्टर: y च्या सहगुणकाचं संकलन करून ते e च्या घातांकात ठेवायचं.

चूक इथेच होते. सहगुणक t नुसार बदलतो; त्याला स्थिर समजून नुसतं t ने गुणणं चालत नाही. संकलन 2 ln(100 + t) येतं. पुढचा 2 घातांक होतो, म्हणून गुणक (100 + t)²; 2(100 + t) नव्हे. पडताळा सोपा आहे: गुणकाचं विकलन हे गुणक गुणिले सहगुणक, म्हणजे 2(100 + t), यायला हवं. चुकीच्या गुणकाचं विकलन 2 येतं, हवं असतं 4.

आता

[(100 + t)² y]′ = 60(100 + t)²

(100 + t)² y = 20(100 + t)³ + C

सुरुवातीला मीठ शून्य, म्हणून C = −2,00,00,000. स्थिरांक भागाकाराआधीच लिहायचा. 100 मिनिटांनी y = 4000 − 500 = 3500 ग्रॅम. पाणी 200 लिटर, म्हणजे लिटरला 17.5 ग्रॅम. हे 20 च्या वर गेलं असतं, तर उत्तर नक्कीच चुकलं असतं.