पुडा परत, संबंध कायम : सप्लायरच्या भेटीबद्दलचे काही गैरसमज

खंडेनवमीला बेळगावच्या उद्यमबागेतल्या लेथना आणि व्हीएमसींना झेंडूच्या माळा चढल्या, की परचेस खात्याच्या टेबलांवर पुडे यायला सुरुवात होते. आधी कुंदा आणि गोकाकचा करदंट येतो. दिवाळी जवळ आली की ड्रायफ्रूटचे डबे येतात आणि एखाद्या डब्याच्या तळाशी मखमली डबीत चांदीचं नाणंही असतं. देणारा अनोळखी नसतो. त्याची फौंड्री मच्छेला असते, घर अनगोळात दोन गल्ल्या सोडून असतं आणि मुलं एकाच शाळेत जातात. अशा माणसाला ‘कंपनीच्या पॉलिसीत बसत नाही’ हे कसं सांगायचं, इथे बरेच जण अडतात. त्यामागे काही पक्के बसलेले गैरसमज आहेत.

ते तपासायला एक कल्पित पण रोजच्या व्यवहारातला प्रसंग घेऊ. एक कंपनी हायड्रॉलिक सिलिंडर बनवते आणि कास्टिंग बाहेरून घेते. गेल्या महिन्यात एका फौंड्रीचा लॉट ब्लो होल सापडल्यामुळे रिजेक्ट झाला. पुढच्या आठवड्यात पिग आयर्नच्या भावानुसार दर नव्याने ठरायचे आहेत. अशा वेळी त्या फौंड्रीचे मालक संध्याकाळी परचेस अधिकाऱ्याच्या घरी येतात. हातात किलोभर कुंदा आणि दहा ग्रॅमचं चांदीचं नाणं. म्हणतात, “असू दे की साहेब, पोरांसाठी आणलंय.”

गैरसमज १ : सणाची भेट म्हणजे लाच थोडीच!

वस्तुस्थिती : या पुड्यात दोन वेगळ्या वस्तू आहेत आणि त्यांचा विचारही वेगळा करावा लागतो. कुंदा नाशवंत आहे, किंमत माफक आहे, सणाला सगळ्यांकडे वाटला जातो. नाण्याचं तसं नाही. ते कुठल्याही सराफाकडे दिलं की रोख पैसे मिळतात. म्हणून रोकड, गिफ्ट व्हाउचर, सोनं-चांदी यांना अनेक कंपन्या रकमेची मर्यादा न लावता सरळ बंदीच घालतात. टाटा समूहाच्या आचारसंहितेत रोख रक्कम, सोनं आणि इतर मौल्यवान धातू कधीही देऊ किंवा घेऊ नयेत असं आहे. माफक किमतीच्या भेटीला मात्र तिथे ठरावीक अटींवर वाव आहे.

खासगी कंपन्यांसाठी ‘इतक्या रुपयांपर्यंत चालतं’ असा देशभर लागू असणारा एकच आकडा नाही. प्रत्येक कंपनी आपली मर्यादा आपल्या पॉलिसीत ठरवते. त्यामुळे मित्राच्या कंपनीत जे चालतं ते आपल्याकडे चालेलच असं धरून चालू नये.

किमतीइतकीच वेळही महत्त्वाची. रिजेक्शनचा वाद मिटलेला नाही आणि दर ठरायचे आहेत, अशा आठवड्यात तोच कुंदा वेगळा दिसतो. पुडा ऑफिसात सगळ्यांसमोर न देता घरी का आणला, हा प्रश्नही विचारण्यासारखा आहे. बहुतेक वेळा उत्तर त्यातच सापडतं.

गैरसमज २ : मी घेतलं, तरी निर्णय प्रामाणिकच घेतला ना?

वस्तुस्थिती : घेतला असेलही, पण तो सिद्ध करता येत नाही. समजा, अधिकाऱ्याने नाणं ठेवून घेतलं आणि पुढच्या आठवड्यात हिशोब काटेकोर करून किलोमागे दोन रुपये वाढवून दिले. पिग आयर्न खरोखरच महागलं होतं, वाढ रास्त होती. तरी दुसऱ्या फौंड्रीवाल्याला नाण्याची कुणकुण लागली, की त्याच्या लेखी ती वाढ नाण्याचीच. उलट दर वाढवून दिला नाही, तर देणाऱ्याला वाटतं, आपण दिलं ते कमी पडलं. दोन्हीकडून अधिकाऱ्याचाच तोटा.

पुढचा लॉट सदोष आला तर याहून अवघड होतं. क्वालिटीच्या माणसाने रिजेक्शन नोट काढल्यावर परचेसवाल्याने ‘थोडं रीवर्क करून वापरून घेऊ’ म्हटलं, तर ते तांत्रिक मत आहे की उपकाराची परतफेड, हे बघणाऱ्याला कळत नाही. पुष्कळदा म्हणणाऱ्यालाही कळत नाही. पॉलिसी घेणाऱ्याला चोर ठरवायला केलेली नसते. ज्याची शंका पुसता येत नाही, अशा जागी त्याला उभं राहावं लागू नये म्हणून ती असते.

गैरसमज ३ : नाही म्हटलं की माणूस दुखावतो, म्हणून काहीतरी कारण सांगून टाळावं

वस्तुस्थिती : माणूस दुखावतो तो ‘तुमच्या भेटीत काहीतरी हेतू आहे’ असं सूचित झालं की. पॉलिसीचा आधार इथे उपयोगी पडतो, कारण पॉलिसी सगळ्यांना सारखी असते, त्यात व्यक्तीवर शेरा नसतो. ‘डायबेटीस आहे’, ‘आज उपास आहे’ अशी कारणं मात्र नंतर अंगाशी येतात. पुढच्या वेळी साखर नसलेला, आणखी महाग डबा येतो.

दारात बोलायचं तर एवढं पुरे : “तुम्ही आठवणीने आलात, बरं वाटलं. बसा, चहा घ्या. पण हे मला घेता येणार नाही. आमच्या कंपनीत सप्लायरकडून भेट घ्यायची नाही असा नियम आहे, आणि तो सगळ्यांनाच आहे. राग मानू नका.” यात क्रम महत्त्वाचा. आधी आभार, मग नकार, मग नियम, आणि शेवटी पुन्हा आपुलकी. नकार ‘घेता येणार नाही’ असा पूर्ण हवा. ‘आत्ता नको’, ‘कशाला एवढं’ याचा आपल्याकडे अर्थ ‘अजून एकदा आग्रह करा’ असा होतो.

नियम सांगताना दोन पथ्यं. नियम खरोखर असावा, आणि तो तुम्ही सगळ्यांना लावावा. कोल्हापूरच्या सप्लायरचा डबा ठेवून घेतला आणि मच्छेच्या माणसाला पॉलिसी ऐकवली, तर ही गोष्ट उद्यमबागेत दोन दिवसांत फिरते आणि मग तो नकार खरोखरच अपमान ठरतो. कंपनीत लेखी पॉलिसी नसेल तर ‘मी स्वतः घेत नाही’ असं सांगावं.

गैरसमज ४ : पुडा परत केला की विषय संपला

वस्तुस्थिती : परत केल्याची नोंद नसेल तर वर्षभराने ‘साहेबांना तेव्हा दिलं होतं’ असं कुणी म्हटल्यावर हातात काही राहत नाही. शिवाय आपल्याकडे पुडा परत करणंच जमत नाही. तो घरच्यांच्या हातात देऊन माणूस निघून जातो, वयस्कर आई घेऊन ठेवते.

आपल्या प्रसंगात तसंच झालं असं धरू. दुसऱ्या दिवशी अधिकारी दोन्ही वस्तू ऑफिसात नेतो आणि वरिष्ठांना व एचआरला ई-मेल करतो. त्यात तारीख, कुणी दिलं, काय दिलं, अंदाजे किंमत आणि पुढे काय करणार, एवढंच. गिफ्ट रजिस्टर असेल तर त्यात हीच माहिती जाते. कुंदा परत पाठवून खराब करण्यात अर्थ नाही, तो वरिष्ठांच्या संमतीने कँटीनमध्ये सगळ्यांना वाटला जातो. नाणं मात्र नॉन-रिटर्नेबल गेट पास करून परत जातं आणि फौंड्रीत ज्याने घेतलं त्याची सही असलेली प्रत फाइलला लागते.

सोबत सप्लायरला दोन ओळींचा संदेश : “आपल्या शुभेच्छांबद्दल मनापासून आभार. आमच्या आचारसंहितेनुसार भेटवस्तू स्वीकारता येत नाहीत, म्हणून नाणं सोबत परत पाठवत आहे. मिठाई आपल्या वतीने कँटीनमध्ये सर्वांना दिली. आपले व्यावसायिक संबंध आहेत तसेच राहतील.” शेवटचं वाक्य गाळू नये. नाणं परत आल्यावर त्या माणसाला पहिली धास्ती असते ती ऑर्डर जाण्याची.

गैरसमज ५ : खासगी कंपनीला कुठलाच कायदा लागत नाही

वस्तुस्थिती : १९८८ चा भ्रष्टाचार प्रतिबंधक कायदा लोकसेवकांपुरता आहे आणि खासगी नोकराने घेतलेल्या लाचेसाठी भारतात वेगळा स्वतंत्र गुन्हा नाही, इथपर्यंत हे खरं आहे. पण मालकाचं नुकसान करून स्वतःचा फायदा घेतला असेल, तर विश्वासघात आणि फसवणुकीची कलमं लागू शकतात. ग्राहक सरकारी कंपनी किंवा रेल्वे असेल, तर समोरचा लोकसेवक ठरतो, आणि २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही थेट गुन्हेगार आहे. त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. ब्रिटनच्या २०१० च्या लाचविरोधी कायद्यात तर खासगी व्यवहारातलं देणं आणि घेणं दोन्ही गुन्हे आहेत. निर्यात करणाऱ्या कारखान्याशी करार करताना परदेशी ग्राहक आपली आचारसंहिता त्यात का घालतो, ते यावरून समजतं.

प्राप्तिकराचा मुद्दा फार कुणाच्या लक्षात येत नाही. १ जुलै २०२२ पासून, धंद्याच्या संबंधातून दिलेल्या लाभाची किंमत वर्षात २०,००० रुपयांच्या वर गेली, तर देणाऱ्याने त्यावर १० टक्के टीडीएस भरायचा असतो. लाभ अधिकाऱ्याने किंवा त्याच्या नातेवाइकांनी घेतला, तरी प्रत्यक्ष व्यवहार ज्या कंपनीशी आहे तिच्या नावावर तो कापला जातो, असं प्रत्यक्ष कर मंडळाच्या परिपत्रकात स्पष्ट केलेलं आहे. म्हणजे सप्लायरने हिशोबात दाखवलेली सहकुटुंब सहल कंपनीच्या टीडीएसच्या नोंदीत येते आणि अकाउंट्सवाला विचारायला येतो, ‘हे काय आहे?’

गैरसमज ६ : मग सप्लायरकडे पाणीही प्यायचं नाही का?

वस्तुस्थिती : प्यायचं, जेवायचंही. फौंड्रीत दिवसभर ऑडिट करताना तिथल्या कँटीनचं जेवण घेण्याला सहसा कुठलीच पॉलिसी हरकत घेत नाही. तो कामाचाच भाग. ऑडिट दुपारी संपलं आणि त्यानंतर सप्लायरची गाडी चोर्ला घाटातून गोव्याकडे निघाली, रात्रीची खोली आणि जेवण त्याच्या खर्चाने, तर काम मागेच राहिलं. कामाशिवायही हे आमंत्रण आलं असतं का आणि घरच्यांनाही बोलावलं आहे का, एवढं स्वतःला विचारलं तरी निर्णय होतो. जायलाच हवं असेल, तर वरिष्ठांची आधी लेखी परवानगी आणि खर्च आपल्या कंपनीचा.

गैरसमज ७ : नकार देणं हे परचेसवाल्याचं एकट्याचं काम

वस्तुस्थिती : दारात उभ्या माणसाला नकार द्यायची वेळच कमी यावी, हे कंपनीच्या हातात आहे. गणपती झाले की सगळ्या सप्लायरांना मालकाच्या सहीचं एक पत्र गेलं, ‘दसरा-दिवाळीला कुणालाही, ऑफिसात किंवा घरी, भेट पाठवू नये’, की पुढचा नकार अधिकाऱ्याचा न राहता त्या पत्राचा होतो. मात्र आपलीच विक्रीची माणसं बड्या ग्राहकांकडे डबे घेऊन जात असतील, तर त्या पत्राला कुणी विचारणार नाही.

आणखी एक गोष्ट तपासावी. लहान कारखानदार पुष्कळदा ऑर्डरसाठी देत नाही, अडकलेलं बिल सुटावं म्हणून देतो. एमएसएमईडी कायदा २००६ प्रमाणे नोंदणीकृत सूक्ष्म आणि लघू उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. चार महिने बिल दाबून ठेवलेल्या कंपनीचा माणूस पॉलिसी सांगू लागला, तर ऐकणाऱ्याला ती थट्टाच वाटेल. बिल वेळेवर मिळणाऱ्या सप्लायरला पुडा आणायची गरज वाटत नाही, आणि तरी आणलाच, तर तो परत घेताना त्याला भीतीही वाटत नाही.