पंखा, रिले आणि तीन अंशांची फट

अकोला-अमरावतीकडे उन्हं चढली की पॉलीहाऊस भराभर तापतं. पंखा ३४ अंशांना सुरू आणि त्याखाली बंद, एवढंच ठरवलं तर सेन्सर ३३.९ आणि ३४.१ यांमध्ये हेलकावे खातो आणि रिले सारखा टकटकतो. दर वेळी संपर्कबिंदूंवर ठिणगी पडते, शेवटी ते चिकटतात. मॉड्यूलवरचा दिवा विझलेला आणि पंखा मात्र फिरतोय, ही त्याची खूण. म्हणून मर्यादा दोन हव्यात:

```
if (t >= 34) fan = true;
else if (t <= 31) fan = false;
```

मधल्या तीन अंशांत पंखा आहे तसाच राहतो.

आता २३० व्होल्टची बाजू. रिलेत कॉइल आणि संपर्कबिंदू यांचा विजेचा संबंध नसतो. खरं संरक्षण तेच. अनेक मॉड्यूलवर ऑप्टोकपलरही असतो, पण `JD-VCC` आणि `VCC` जोडणारा जंपर तसाच राहिला तर त्याचं वेगळेपण संपतं. जंपर काढा, `JD-VCC` ला ५ व्होल्टचा स्वतंत्र पुरवठा द्या आणि त्याचा ग्राउंड कंट्रोलरच्या ग्राउंडला जोडू नका. पंखा सुरू होताना कंट्रोलर रिसेट होत असेल, तर आधी हेच तपासा.

रिलेवर १० अँपिअर लिहिलेलं असलं तरी मोटर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते. मोठ्या पंख्यासाठी रिलेने फक्त काँटॅक्टर चालवावा. तोडायची ती फेज, न्यूट्रल नव्हे. आणि पंख्याच्या बॉडीला अर्थिंग हवंच. ही जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या.